ड्रीफोंटेन: एका खाणीवरची तीन संकटं आणि सोन्याचा भाव

‘दक्षिण आफ्रिकेतल्या खाणी बंद, सोनं विक्रमी उंचीवर.’ शुक्रवारी, २५ जानेवारी २००८ रोजी जगभरच्या बाजारात ही बातमी फिरली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खाणी खरोखरच बंद पडल्या होत्या आणि सोन्याने त्या दिवशी औंसाला ९२० डॉलरचा टप्पा ओलांडला होता. मात्र त्या दोघींमधला स्वल्पविराम जो कार्यकारणभाव सुचवतो, तो तपासून पाहायला हवा. त्यासाठी एकच खाण डोळ्यांसमोर ठेवणं सोयीचं आहे. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला कार्लटनव्हिल नावाचं खाणगाव आहे, त्याच्या शेजारची ड्रीफोंटेन. पूर, वीजटंचाई आणि संप या तिन्ही गोष्टी या एका खाणीने सोसल्या, आणि तिन्ही वेळा सोन्याची बाजारपेठ वेगवेगळ्या अवस्थेत होती.

विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत १८८६ मध्ये सोनं सापडलं ते नदीच्या वाळूतल्या कणांसारखं नव्हतं. तिथे गारगोट्यांच्या प्राचीन थरात सोनं पसरलेलं आहे. या थराला तिथे ‘रीफ’ म्हणतात. तो कित्येक ठिकाणी वीतभर ते हातभर जाडीचाच असतो, आणि तिरका होत जमिनीखाली खोल खोल जातो. वरचं सोनं संपत गेलं तशा खाणी खोल झाल्या. या भागातली म्पोनेंग ही खाण चार किलोमीटरच्या आसपास खोल गेली आहे. तिथल्या खडकाचं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं, म्हणून वरून बर्फमिश्रित पाणी खाली सोडून हवा थंड करावी लागते. माणसांना खाली न्यायला पिंजरा, श्वास घ्यायला पंख्यांनी ढकललेली हवा, आणि भेगांमधून झिरपणारं पाणी चोवीस तास वर फेकायला पंप, एवढी तयारी असेल तरच रीफपर्यंत पोचता येतं. पुढच्या सगळ्या घटनांचं मूळ या खोलीत आहे.

पाणी, १९६८

कार्लटनव्हिलच्या खाली सोन्याच्या थराच्या वर डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाचा जाड थर आहे. पाण्याने झिजून त्यात पोकळ्या तयार झाल्या आहेत आणि त्या पाण्याने भरलेल्या असतात. मधूनमधून उभ्या खडकाच्या भिंती या डोलोमाइटला छेदतात. त्यामुळे जमिनीखाली एकमेकांपासून वेगळे असे पाण्याचे प्रचंड कप्पे तयार झाले आहेत. वेस्ट ड्रीफोंटेन (त्या वेळचं नाव) ज्या कप्प्याखाली काम करत होती, तो उपसून कोरडा करण्याचं काम बरीच वर्षं चाललं होतं. उपशाने वरची जमीन पोकळ झाली. डिसेंबर १९६२ मध्ये खाणीच्या आवारातली दगड फोडण्याची अख्खी इमारत जमिनीत गडप झाली आणि २९ माणसं तिच्याबरोबर गेली. आज सोन्याचा एखादा तुकडा हातात घेताना त्या २९ जणांची आठवण कुणाला होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

शेजारचा बँक नावाचा कप्पा मात्र उपसलेला नव्हता. खाण त्या बाजूला सरकली, आणि २६ ऑक्टोबर १९६८ रोजी त्या कप्प्यातलं पाणी भगदाड पाडून खाणीत घुसलं. येणारं पाणी पंपांच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त होतं. हजारो कामगारांना एकही जीव न गमावता वर आणलं गेलं. मग भरत चाललेल्या बोगद्यांत उभं राहून काँक्रीटचे दट्टे बांधायचं काम सुरू झालं. पाणी जिथून येत होतं ते बोगदे कायमचे बुजवायचे आणि तोवर उरलेली खाण पंपांवर तगवायची, असा तो बेत होता. नोव्हेंबरमध्ये तो यशस्वी झाला आणि खाण वाचली.

जगातल्या सर्वांत श्रीमंत सोन्याच्या खाणींपैकी ही एक होती. तिच्या पुराचा भावावर काय परिणाम झाला? जवळजवळ काहीच नाही, आणि त्याचं कारण खाणीत नसून कायद्यात होतं. १९३४ पासून अमेरिकेने सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर असा बांधून ठेवला होता. मार्च १९६८ मध्ये तो दर खुल्या बाजारात टिकवायचा प्रयत्न सोडून देण्यात आला आणि सोन्याचे दोन बाजार झाले. मध्यवर्ती बँकांनी आपसात ३५ डॉलरनेच व्यवहार करायचा आणि बाकीच्यांनी मोकळ्या भावाने. तो मोकळा भावही वर्षअखेरीपर्यंत चाळीस डॉलरच्या आसपासच रेंगाळला. बाजाराचं लक्ष डॉलर टिकतो की नाही याकडे लागलेलं होतं. बांधलेल्या भावाच्या त्या काळात खाणीवरच्या संकटाचा खर्च खरेदीदाराच्या माथी मारता येत नसे. तो नफ्यातून जाई, किंवा मजुरीतून.

मजुरीतून म्हणजे काय, हे १९२२ मध्ये दिसलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर पौंडातला सोन्याचा भाव फेब्रुवारी १९२० मध्ये १२० शिलिंगांच्या वर गेला आणि नंतर उतरत गेला. भाव उतरल्यावर खाणमालकांनी खर्च कापायचं ठरवलं. महागड्या गोऱ्या कामगारांच्या जागी कमी मजुरीवर काळे कामगार घ्यायचे, असा त्याचा अर्थ होता. गोऱ्या कामगारांनी संप केला. तो मार्चमध्ये सशस्त्र उठावापर्यंत गेला, सरकारने तोफा आणि विमानं वापरली, सुमारे दोनशे माणसं मेली. इथे क्रम लक्षात घ्यायचा तो असा: आधी भाव पडला आणि मग संप झाला. संपामुळे भाव हलतो असं आपण गृहीत धरतो, पण सोन्याच्या इतिहासात भावाने संप घडवल्याची उदाहरणं जास्त ठळक आहेत.

वीज, २००८

१९७१ नंतर सोन्याचा भाव मोकळा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९७० मध्ये, दक्षिण आफ्रिकेने सुमारे १,००० टन सोनं काढलं होतं. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या सोन्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग या एका देशातून येत होता. भाव मोकळा आणि पुरवठा एका देशाच्या हाती, अशी अवस्था सत्तरच्या दशकात होती. तिथल्या खाणी थांबल्या तर भावावर सर्वांत जास्त परिणाम व्हायचा तो त्या काळात. पण २००८ उजाडेपर्यंत चित्र पालटलं होतं. दक्षिण आफ्रिकेचं उत्पादन २५० टनांच्या घरात आलं होतं आणि २००७ मध्ये चीनने तिला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला होता.

एस्कॉम ही तिथली सरकारी वीज कंपनी. नवी केंद्रं उभारली नाहीत तर साधारण २००७ मध्ये वीज कमी पडेल, असं १९९८ च्या सरकारी धोरणपत्रातच लिहिलेलं होतं. निर्णय लांबत गेला आणि राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी डिसेंबर २००७ मध्ये त्याची चूक जाहीरपणे कबूल केली. जानेवारीत पाऊस जोरात झाला. केंद्रांजवळचे कोळशाचे साठे आधीच तुटपुंजे होते, ते भिजले. ओला कोळसा नीट जळत नाही, चुरा होऊन यंत्रात अडकतो. शहरांत भारनियमन सुरू झालं आणि मग एस्कॉमने खाण कंपन्यांना कळवलं की पुरवठ्याची हमी देता येणार नाही, वापर किमान पातळीवर आणा.

भारनियमनात कारखाना थांबतो आणि वीज आली की पुन्हा सुरू होतो. खोल खाणीत हमीच नसेल तर माणूस खाली पाठवताच येत नाही. वीज गेली तर पिंजरा अडकतो, पंखे थांबतात, गारवा जातो आणि काही तासांत खालची हवा जीवघेणी होते. ही भीती तेव्हा ताजी होती. जेमतेम चार महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २००७ मध्ये, एलँड्सरँड खाणीत तुटलेला पाइप शाफ्टमध्ये, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विहिरीत, कोसळून वीजवाहिनी निकामी झाली आणि सुमारे ३,२०० कामगार खाली अडकले होते. सगळे सुखरूप वर आले, पण शाफ्टमधली वीज गेली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून अँग्लोगोल्ड अशांती, गोल्ड फील्ड्स (तेव्हा ड्रीफोंटेन यांच्याकडे होती) आणि हार्मनी या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी खाणकाम थांबवलं. उरलेल्या विजेवर पाणी उपसणं आणि हवा खेळती ठेवणं एवढंच चालू राहिलं.

पाचेक दिवसांनी वीज परत आली ती पूर्वीच्या नव्वद टक्के. बाहेरच्याला वाटेल, दहा टक्के वीज कमी म्हणजे दहा टक्के सोनं कमी. हिशेब तसा नाही. समजा, खाण शंभर युनिट वीज वापरते आणि त्यातले साठ युनिट पंप, पंखे आणि गारव्याला लागतात. सोनं निघो वा न निघो, हे साठ युनिट लागणारच. दहा युनिटांची कपात मग उरलेल्या चाळिसातून करावी लागते, म्हणजे खोदाई, वाहतूक आणि दळण यांच्या वाट्याची पाव वीज जाते. हे आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, पण वीजकपातीचा फटका तिच्या टक्केवारीपेक्षा मोठा का बसतो हे त्यातून कळतं. कोणत्या शाफ्टला वीज द्यायची आणि कोणता बंद ठेवायचा, हे त्यामुळे कंपन्यांना निवडावं लागलं. साहजिकच गरीब थराचे, जुने शाफ्ट आधी बंद झाले.

आता भावाकडे येऊ. वर्षाला २५० टन म्हणजे दिवसाला जेमतेम पाऊण टनाहून कमी. सगळ्या देशाच्या खाणी पाच दिवस पूर्ण बंद राहिल्या असं धरलं तरी साडेतीन टनांच्या आसपास सोनं कमी निघालं. आणि हे सोनं नष्ट झालं नव्हतं, ते रीफमध्येच होतं, नंतर निघणार होतं. दुसऱ्या बाजूला, माणसाने आजवर काढलेलं आणि तिजोऱ्यांत, दागिन्यांत, बँकांत असलेलं सोनं त्या वेळी सुमारे १,६०,००० टन होतं. लंडनच्या बाजारात रोज शेकडो टनांचे व्यवहार मिटवले जात होते. साडेतीन टनांची तूट तिथे जाणवण्यासारखी नव्हती.

मग भाव का चढला? त्याच आठवड्यात, २२ जानेवारीला, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने नियोजित बैठकीची वाट न पाहता व्याजदर पाऊण टक्क्याने कापला होता, आणि ३० तारखेला आणखी अर्धा टक्का कापला. गृहकर्जांचं संकट उघड झालेलं होतं, डॉलर कमजोर होता. सोनं त्या वाऱ्यावर चढत होतं आणि खाणींच्या बातमीने त्या चढाला आणखी थोडी हवा दिली. मार्चमध्ये बेअर स्टर्न्स ही अमेरिकेतली गुंतवणूक बँक बुडायला आली तेव्हा सोन्याने पहिल्यांदा १,००० डॉलर ओलांडले. खाणी तेव्हा पुन्हा चालू झालेल्या होत्या.

त्याच बातमीवर प्लॅटिनमचं काय झालं ते शेजारी ठेवलं म्हणजे फरक स्पष्ट होतो. खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास दक्षिण आफ्रिकेतून येतं, ते गाड्यांच्या धूर-शुद्धीकरण यंत्रात वापरलं जातं आणि त्याचा जमिनीवरचा साठा सोन्याच्या मानाने अगदीच थोडा आहे. वीज तीच गेली, देश तोच, दिवस तेच. पण प्लॅटिनम मार्चच्या सुरुवातीला २,२०० डॉलरच्या पुढे गेलं. वर्षअखेरीला मंदीने गाड्यांची मागणी घटली आणि ते कोसळलं. मला वाटतं, खाणबंदीचा धातूच्या भावाशी संबंध शिकवायला यापेक्षा चांगली तुलना नाही. वर्षाच्या उत्पादनावर जगणाऱ्या धातूला खाण थांबल्यावर लगेच चटका बसतो. साठ्यावर जगणाऱ्या धातूचा भाव साठा धरून बसलेल्यांच्या मनावर ठरतो.

खरी टंचाई ओळखायची एक खूण बाजारातच असते. सोनं हातात नसलेल्याला ते उसनं घ्यावं लागतं, आणि त्या उसनवारीला भाडं पडतं. टंचाई खरी असेल तर हे भाडं झपाट्याने वाढतं आणि आजच्या ताब्याचं सोनं तीन महिन्यांनी मिळणाऱ्या सोन्यापेक्षा महाग होतं. नुसता भाव वाढला आणि भाडं जागेवर राहिलं, तर तो चढ पैशाच्या भीतीचा असतो.

संप, १९८७ आणि २०२२

ऑगस्ट १९८७ मध्ये नॅशनल युनियन ऑफ माइनवर्कर्सने दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासातला सर्वांत मोठा खाणसंप पुकारला. सुमारे तीन लाख काळे कामगार तीन आठवडे बाहेर राहिले. संघटनेचे सरचिटणीस होते सिरिल रामाफोसा. कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने कामगार काढून टाकले आणि पगारवाढीच्या मुख्य मागणीवर संघटनेला माघार घ्यावी लागली. तेव्हा हा देश अजूनही जगातला सर्वांत मोठा उत्पादक होता, तरी सोन्याचा सरासरी भाव जुलैत औंसाला सुमारे ४५० डॉलर होता तो ऑगस्टमध्ये ४६० च्या आसपास गेला आणि संप मिटल्यावरही तिथेच राहिला. कंपन्यांनी संपाआधी जमवलेला दगड गिरण्यांत दळला जात होता, शुद्धीकरणात अडकलेलं सोनं बाहेर पडत होतं. खरेदीदाराला पहिले काही आठवडे संप दिसतच नाही, तो असा.

पस्तीस वर्षांनी तीच गोष्ट आणखी लख्खपणे दिसली. ड्रीफोंटेन आता सिबान्ये-स्टिलवॉटर या कंपनीकडे होती. मार्च २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात ड्रीफोंटेन, क्लूफ आणि बीट्रिक्स या तिच्या खाणींवर संप सुरू झाला. मागणी महिन्याला १,००० रँड वाढीची होती. संप तीन महिने चालला. १ मे रोजी रुस्टेनबर्गच्या मैदानात राष्ट्राध्यक्ष कामगार दिनाचं भाषण करायला उभे राहिले आणि संपावरच्या कामगारांनी त्यांना बोलू दिलं नाही. त्यांना मंच सोडून जावं लागलं. ते राष्ट्राध्यक्ष म्हणजे १९८७ च्या संपाचे नेते रामाफोसाच.

कंपनीचं दक्षिण आफ्रिकेतलं सोन्याचं उत्पादन २०२१ मधल्या सुमारे ३३ टनांवरून २०२२ मध्ये सुमारे १९ टनांवर आलं. भाव मात्र उलट दिशेने गेला. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ८ मार्चला २,०५० डॉलरच्या घरात पोचलेलं सोनं संप मिटता मिटता, जूनच्या मध्यात, १,८३० च्या आसपास होतं, कारण फेडरल रिझर्व्हने मार्चपासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली होती. त्या वर्षी जगातल्या सगळ्या खाणींनी मिळून ३,६०० टनांच्या आसपास सोनं काढलं. त्यातली चौदा टनांची तूट भावात शोधून सापडत नाही. ती कामगारांच्या घरात सापडली असती, जिथे तीन महिने पगार आला नव्हता.

परिणाम कुठे साठतो

एवढं पाहिल्यावर खाणीवरची संकटं भावाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची आहेत असं वाटेल, पण तसं नाही. त्यांचा परिणाम दिवसांत दिसत नाही, दशकांत दिसतो. खोल खाणीत खोदलेली पोकळी वरच्या दगडाच्या भाराने हळूहळू मिटत असते. काम चालू असतं तेव्हा आधार देत पुढे सरकता येतं. काही महिने कुणी गेलंच नाही तर काही ठिकाणची खोदाईची तोंडं दबून जातात, आणि ती पुन्हा उघडण्याचा खर्च त्या जागच्या सोन्यापेक्षा जास्त ठरतो. ‘सोनं जमिनीतच आहे’ हे वाक्य अशा ठिकाणी कागदोपत्री खरं उरतं, व्यवहारात नाही.

त्याहून मोठा घाव विजेच्या दराने घातला. २००८ नंतर एस्कॉमला नवी केंद्रं बांधायला पैसा हवा होता. त्या वर्षी २७.५ टक्के आणि पुढच्या वर्षी ३१.३ टक्के दरवाढ मंजूर झाली, आणि नंतरही दर चढतच राहिले. पंप आणि पंखे बंद करून बचत करता येत नाही, त्यामुळे खोल, जुन्या खाणींच्या खर्चात विजेचा वाटा फुगत गेला. देशाचं उत्पादन २०२३ पर्यंत १०० टनांच्या आसपास उतरलं. मधल्या काळात संकटाच्या बातम्यांनी रँड घसरत असे आणि रँडमध्ये मोजलेला सोन्याचा भाव चढत असे. त्यामुळे काही खाणींना थोडी जास्त वर्षं मिळाली. जगाला ही घट जाणवली नाही, कारण चीन, रशिया, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम आफ्रिकेत उत्पादन वाढत होतं.

आणि बंद पडलेल्या खाणीत पाणी परत येतं. या पट्ट्यातल्या खाणी जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे एकीने पंप थांबवले की तिचं पाणी शेजारणीकडे वळतं. शेजारणीचा उपसा वाढतो, वीजबिल वाढतं, आणि तीही बंद होण्याच्या रेषेजवळ सरकते. विटवॉटर्सरँडच्या पश्चिम टोकाला उपसा थांबल्यानंतर पाणी वर्षानुवर्षं चढत राहिलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये रँडफोंटेनजवळ जमिनीबाहेर पडलं. ते आम्लयुक्त होतं आणि ओढ्यांत उतरलं. त्या पाण्याखाली गेलेल्या थरांत अजूनही सोनं आहे.